कुत्रा, मांजर आणि बीबीचा चहा

बाबांचा फोन आला तेव्हा मी कप विसळत होते, तेही सिंकमध्ये नाही, सिंकच्या शेजारी ठेवलेल्या टबात. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्या घरी माझी बीबी पाणीसुद्धा पीत नाही.

"केझाया, रविवारी ट्रेनित बीबी येतेय तुमच्याकडे," बाबा म्हणाले. "चहाला."

"चहाला? बीबी? गोर्जांच्या घरी?"

"तुझ्या घरी येतेय. आता तू गोर्जांच्या घरात राहतेस त्याला ती काय करणार? हे बघ, मी तिला शब्द दिलाय. तिनं चहा घेतला तर तू शीक पुढची दोन वर्षं. नाही घेतला, तर सामान भर आणि तिच्याच व्हॅनमधून घरी ये."

बीबी म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्या रोमनी लोकांत, म्हणजे जग ज्यांना जिप्सी म्हणतं त्यांच्यात, आत्या काय, मावशी काय, सगळ्या बीबीच. आणि गोर्जा म्हणजे जे आम्ही नाही ते. डॉनकॅस्टरबाहेरच्या आमच्या वस्तीत चाकांवरची पंधरा-वीस घरं, म्हणजे ट्रेलर, आहेत, आणि त्या सगळ्या घरांवर ट्रेनित बीबीचं राज्य चालतं. तिनं एखाद्याच्या हातचा चहा घेतला की तो माणूस स्वच्छ. तिनं "नको गं, आत्ताच झाला" म्हटलं की संपलं. मग वस्तीत कुणी त्याच्याकडचा चहा घेत नाही. तिनं चिडून, ओरडून काही सांगायची गरजच पडत नाही.

मला रडूही आलं आणि संतापही आला. घराण्यातली पहिली पोरगी लीड्सच्या विद्यापीठात आली, तिचं पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पार पडलं, आणि आता तिचं सगळं नशीब एका चहाच्या कपात! पण खरं सांगते, बीबी चुकीची आहे असं मला एकदाही वाटलं नाही. मी गोर्जांच्या ताटात जेवून, त्यांच्या फडक्याला हात पुसून तीन वर्षांनी परत गेले असते, तर मीच माझ्या हातचा चहा घेतला नसता.

आमचं गणित साधं आहे. माणसाला एक आत असतं आणि एक बाहेर. बाहेरचं अंग धूळ खातं, घाम गाळतं, त्याचं जे व्हायचं ते होऊ दे. आतलं मात्र जपायचं. म्हणून जे तोंडात जातं किंवा तोंडाला लागतं, ते बाहेरच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूंपासून दूर. भांड्यांचा टब वेगळा, हात-तोंड धुवायचा वेगळा, कपड्यांचा तिसरा. भांडी पुसायची फडकी कपड्यांबरोबर कधीच धुवायची नाहीत. भांड्यांच्या टबात कुणी चुकून मोजा भिजवला, तर तो टब कितीही उकळा, तो मोकडी झाला. मोकडी म्हणजे विटाळलेला. गोर्जा लोक एकाच सिंकमध्ये हात धुतात, बटाटे धुतात, कुत्र्याचं भांडं धुतात आणि वर आम्हाला घाणेरडे म्हणतात. आमच्या वस्तीच्या कुंपणाबाहेर कचरा पडलेला असतो हे खरं आहे. पण तो बाहेर पडलेला असतो ना! ट्रेलरच्या आत येऊन बघा, काचेवर बोटाचा ठसा सापडणार नाही.

आता या घराबद्दल सांगते. घरात आम्ही तिघी. तिघींचा विषय एकच, मानववंशशास्त्र. पहिल्या वर्षी वर्गात ओळख झाली, दुसऱ्या वर्षी भाड्याचं घर घेतलं. पहिल्या दिवशी मी माझे तीन टब घेऊन स्वयंपाकघरात शिरले, तर हदासा खणांवर चिकट्या लावत बसली होती. निळी चिकटी दुधाच्या भांड्यांना, लाल चिकटी मांसाच्या.

"हे काय?" मी विचारलं.

"दूध आणि मांस एकत्र येता कामा नये. चमचेसुद्धा वेगळे," ती म्हणाली. मँचेस्टरच्या धार्मिक ज्यू घरातली मुलगी. "हसू नकोस हं."

"मी कशाला हसू? हे बघ माझे टब."

तिनं टब पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी जमिनीवर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. तेवढ्यात तिसरी आली. इफ्रा, शेफील्डच्या सोमाली वस्तीतली. तिच्या एका हातात न्हाणीघरात ठेवायची पाण्याची झारी होती आणि दुसऱ्या काखेत लठ्ठ, करडा बोका.

"हा वझीर," ती म्हणाली. "भाड्यात याचं नाव नाही, पण राहणार हा."

माझं हसू जागच्या जागी विझलं.

मांजर! आमच्याकडे सापानंतर कुणाचा विटाळ असेल तर मांजराचा. का? ते स्वतःचं अंग चाटतं. बाहेरचं सगळं स्वतःच्या जिभेनं आत घेतं. आमच्या लोकांच्या डोक्यात जी एक रेघ पक्की आखलेली आहे, ती मांजर दिवसातून शंभर वेळा पुसतं. इफ्राच्या घरी नेमकं उलटं. मांजर म्हणजे घरात ये-जा करणारं माणूसच, त्यानं तोंड घातलेल्या पाण्यानं नमाजापूर्वी हातपाय धुतले तरी चालतात. "त्याचं उष्टं शुद्ध असतं गं," ती सांगायची आणि त्या बोक्याचा मुका घ्यायची. मी खिडकीकडे तोंड फिरवायचे.

शेवटी तह झाला. वझीर वरच्या मजल्यावर, इफ्राच्या खोलीत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला त्याची हद्द संपली. महिनाभर त्यानंही तो पाळला.

याच सुमारास डॉ. पास्को यांचा शुद्धता आणि विटाळ या विषयावरचा तास झाला. मॉर्वेना पास्को कॉर्नवॉलच्या कोळ्यांतल्या आहेत, आवाज असा की समुद्रावरून हाक मारतायत. त्या दिवशी त्यांनी वर्गात एक पातेलंभर गरम सूप आणलं आणि पिशवीतून संडास घासायचा ब्रश काढला. कोरा करकरीत, त्यावर किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच. आमच्यासमोर उकळत्या पाण्यातून काढला आणि त्या ब्रशनं सूप ढवळलं.

"कोण घेणार?" त्यांनी विचारलं.

एकही हात वर झाला नाही. मागच्या बाकावरच्या एकाला तर मळमळायला लागलं.

"का बरं? याला एक जंतू चिकटलेला नाही. तुम्ही आज ज्या चमच्यानं जेवलात त्यापेक्षा हा स्वच्छ आहे. मग घाण कुठे आहे?" त्या वर्गभर फिरल्या. "घाण ब्रशमध्ये नाही, तुमच्या डोक्यातल्या खणांत आहे. या खणातलं त्या खणात गेलं की तुम्ही त्याला घाण म्हणता. तेव्हा लोक कशाला विटाळ मानतात ते विचारा, म्हणजे त्यांनी जगाचे खण कसे पाडलेत ते कळेल. जपानी घरात संडासातल्या सपाता वेगळ्या असतात, त्या घालून कुणी बैठकीत आलं तर घरभर हलकल्लोळ. हिंदू घरात कुणी गेलं तर सगळ्या कुळाला सुतक, मग ते हजार मैलांवर का राहत असेनात. त्यात जंतूंचा काय संबंध? तिथे कुळाची हद्द आखली जातेय."

मग त्या आमच्यावर आल्या. पडद्यावर हेजहॉगचं चित्र. काट्यांचा गोळा होऊन बसणारा तो इवलासा प्राणी. "इंग्लंडचे रोमनी लोक मांजराला अस्पृश्य मानतात आणि याला मात्र शुद्ध. पूर्वी ते याला मातीत लिंपून भाजून खात," त्या म्हणाल्या, आणि वर्ग खो खो हसला.

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. "त्याला काटे आहेत, त्यामुळे त्याला अंग चाटता येत नाही. म्हणून तो शुद्ध. तुम्ही लोक बोक्याला आधी स्वतःचं बूड चाटू देता आणि मग त्याला तोंडाचा मुका देता. हसायचं कुणी कुणाला?"

असा हशा उसळला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी भिंतीवर थाप मारली. डॉ. पास्को सगळ्यांत जास्त हसत होत्या. नंतर मला थांबवून म्हणाल्या, "मिस बकलंड, तुमच्या लोकांच्या ताब्यात जमीन कधी नव्हती. चारी बाजूंनी गोर्जा, आज इथे तर उद्या पोलीस उठवणार. ज्यांना गावाभोवती कुंपण घालता येत नाही, ते लोक कुंपण कुठे घालत असतील, यावर निबंध लिहा."

मी घरी येईपर्यंत त्यावर विचार करत होते. आम्ही कुंपण ओठांवर घातलं होतं. गोर्जांकडे काम करा, त्यांना घोडे विका, त्यांच्याशी गोड बोला, पण त्यांचं काही आत घेऊ नका. मला एकदम बीबी फार आवडली, आणि तिची फार भीती वाटली.

तर बाबांचा फोन. मी घरात जाहीर केलं आणि दोघी कामाला लागल्या, जणू लग्नघर. हदासानं खडूनं जमिनीवर रेघा मारल्या: इकडे माझा भाग, तिकडे तिचा, मधलं टेबल तटस्थ. इफ्रानं वरच्या न्हाणीघरात कपड्यांचा टब हलवला. मी फडकी उकळली आणि मागच्या अंगणात स्वतंत्र दोरीवर वाळत घातली. आईनं दिलेला चहाचा सोनेरी काठाचा संच काढला. चार कप, चार बशा आणि दुधाचा छोटा जग. आमच्यात पोरगी घराबाहेर पडली की तिला असा संच देतात, आणि आईनं तो घ्यायला दोन हिवाळे ख्रिसमसची फुलं विकली होती.

शनिवारी रात्रीच्या जेवणाला गप्पा रंगल्या. हदासा म्हणाली, तिचे वडील पुरोहितांच्या कुळातले, म्हणून दफनभूमीत पाऊल टाकत नाहीत, मित्राच्या अंत्यविधीलाही कुंपणाबाहेर उभे राहतात. मी सांगितलं, आमच्यात माणूस गेला की पूर्वी त्याचा ट्रेलर जाळून टाकत, त्याच्या कपांसकट. इफ्रा म्हणाली, "आमचं ऐका. वुजू करून, म्हणजे तोंड, हात, पाय धुऊन नमाजाला उभं राहायचं आणि तेवढ्यात पोटातून वारा सरला, की वुजू मोडला. पुन्हा धू."

"काय धू?" मी विचारलं.

"तोंड, हात, पाय."

"आणि वारा सरला कुठून?"

इफ्रा आधीच हसत होती. "म्हणून तर म्हणते! इथे मळ कुठे आहे? हे देवासमोर उभं राहायची तयारी आहे, अंघोळ नाही."

रविवारी दुपारी बीबीची व्हॅन दारात लागली. ट्रेनित बकलंड. कानात सोन्याची कडी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, खांद्यावर जाड शाल, आणि व्हॅनच्या मागच्या बाजूला बांधलेला तिचा टेरियर कुत्रा बिस्मार्क. तिनं काखेत काहीतरी फडक्यात गुंडाळून घट्ट धरलं होतं.

"वाळलीस गं," ती मला म्हणाली. "पुस्तकं खातेस की काय?"

"बीबी, या माझ्या मैत्रिणी. हदासा आणि इफ्रा."

"बरं बरं." तिनं शाल काढली नाही. थेट स्वयंपाकघरात शिरली. टब पाहिले. भांड्यांच्या टबाला हात लावायच्या आधी विचारलं, "हात कुठे धुवायचे?" मी दुसरा टब दाखवला तेव्हा तिच्या चढलेल्या भुवया जराशा खाली आल्या. दोरीवरची फडकी खिडकीतून मोजली. मग तिची नजर निळ्या-लाल चिकट्यांवर गेली.

"हे कुणाचं?"

"माझं," हदासा म्हणाली. "निळं दुधाचं, लाल मांसाचं. मिसळलं तर आम्हाला चालत नाही."

"मिसळलं तर काय होतं?"

"होत काही नाही. पण चालत नाही."

बीबीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "चुकून झालं तर काय करता?"

"धातूचं असेल तर उकळत्या पाण्यात बुडवून घेतो. मातीचं, चिनी मातीचं असेल तर गेलं ते. फोडायचं."

"हं!" बीबी खुर्चीत बसली, शाल उतरवली आणि मला म्हणाली, "ही पोरगी गोर्जा आहे? मला वाटत नाही." आणि मग हदासाला, "पण दूध आणि मांस हे जरा वेडपटपणाचंच. दुधानं तुमचं काय बिघडवलंय?"

"तुमचं सिंकनं काय बिघडवलंय?" हदासा म्हणाली.

बीबी मोठ्यांदा हसली. मला वाटलं, जिंकलो.

मी किटली ठेवली. चार कप मांडले. तेव्हा हदासानं कपाटातून आपला काचेचा पेला काढून टेबलावर ठेवला.

"हे काय?" बीबी.

"मी माझ्या पेल्यात घेते. केझायाचे कप आमच्या नियमांनी वापरलेले नाहीत, त्यात गरम चहा मला चालत नाही."

बीबीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आयुष्यात तिनं शेकडो लोकांचे कप नाकारले असतील. तिच्या लोकांचा कप कुणी तिच्यासमोर नाकारण्याची ही पहिलीच वेळ. "आमचे कप? आमचे कप चालत नाहीत? ही पोर माझ्या भावाची आहे! अगं, हिच्या आईच्या कपात तुला आपला चेहरा दिसेल!"

"दिसतो ना. सुंदर आहेत," हदासा शांतपणे म्हणाली. "बीबी, राग मानू नका. पण तुमच्या मांडीवर त्या फडक्यात काय आहे?"

मी फडक्याकडे पाहिलं. बीबी लाल झाली. तिनं हळूच गाठ सोडली. आत तिचा स्वतःचा कप होता.

"म्हटलं, कुठे काय असेल, काय सांगावं," ती पुटपुटली.

तिच्या चेहऱ्यावर राग आणि हसू असं काही एकत्र आलं की मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण कप घरून आणलाय, म्हणजे निकाल आधीच ठरलाय. ती माझ्या कपात चहा घेणारच नव्हती.

आणि नेमकी तेव्हाच वर इफ्राच्या खोलीच्या दाराची कडी निसटली.

वझीर जिना उतरून उंबऱ्यावर आला. बाहेर व्हॅनमध्ये बिस्मार्कनं त्याचा वास घेतला, पट्टा तोडला आणि उघड्या दारातून बाणासारखा आत. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बोका टेबलावर. कुत्रा टेबलाखाली. बीबी खुर्चीवर उभी. "मांजर! मांजर! टेबलावर मांजर!" ती किंचाळतेय. आणि इफ्रा, जिच्या तोंडून मी कधी मोठा शब्द ऐकला नव्हता, ती भिंतीला चिकटून ओरडतेय, "कुत्रा! त्यानं माझ्या पातेल्यात तोंड घातलं! कुत्रा!" चुलीशेजारी खाली ठेवलेलं तिचं भाताचं पातेलं बिस्मार्क मन लावून चाटत होता.

"अगं कुत्रा आहे तो, कुत्र्याचं काय एवढं?" बीबी ओरडली.

"मांजरच तर आहे, मांजराचं काय एवढं?" इफ्रा ओरडली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हदासा ओट्याला धरून खाली बसत चालली होती, हसून हसून तिला उभं राहवेना. मी कुत्र्याला बाहेर काढलं, इफ्रानं बोक्याला उचलून वर नेलं आणि खाली आली.

बीबी खुर्चीवरून उतरली. टेबल नीट दिसत होतं. कप जागच्या जागी, काही सांडलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं. "टेबलावर चढला मेला," ती म्हणाली, "पण टेबल धुता येतं. भांड्याला तोंड लावलं का त्यानं?"

मला ठाऊक नव्हतं. मी कुत्र्यामागे होते. हदासा हसून खाली बसली होती. बीबी स्वतः भिंतीकडे तोंड करून किंचाळत होती. कुणीच पाहिलं नव्हतं.

"लावलं," इफ्रा म्हणाली.

सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"दुधाच्या जगात. मी पाहिलं." तिला ठाऊक होतं माझं काय पणाला लागलंय. आठवडाभर ती माझ्याबरोबर फडकी उकळत होती. "आमच्यात ते शुद्ध आहे. मी प्याले असते ते दूध. पण पिणार तुम्ही आहात. म्हणून तुम्हाला सांगायला हवं."

मला तिचा इतका राग आला, आणि पुढच्याच क्षणी मला कळलं की हिच्याहून चांगली मैत्रीण मला मिळणार नाही.

बीबी माझ्याकडे वळली. आईनं ज्याला बोट लावू दिलं नव्हतं तो सोनेरी काठाचा जग माझ्या हातात होता. "महाग आहे तो," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "संच मोडेल. दोनदा उकळत्या पाण्यातून काढलास तर कुणाला कळणार आहे?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती विनोद करत नव्हती. मला आईची थंडीत फुलं विकणारी बोटं आठवली. मी मागचं दार उघडलं, अंगणात गेले आणि जग दगडी पायरीवर आपटला. दूध फरशीवर पसरलं आणि सोनेरी काठाचे तुकडे लख्ख उन्हात चमकले.

"बरं झालं," दारातून हदासा म्हणाली. "मातीच्या भांड्याला आमच्यातही दुसरा उपाय नाही."

बीबी इफ्राकडे वळली. "आणि तुझं पातेलं? कुत्रा माझा आहे. तुमच्यात काय करतात?"

"आमच्या घरात ज्या पद्धतीनं शिकवलंय, त्यात सात वेळा धुवायचं. त्यातलं एकदा मातीनं."

"मातीनं? भांडं मातीनं धुता?"

"हो. पातेलं धातूचं आहे, ते धुता येतं."

"कुठली माती?"

"स्वच्छ. अंगणातली चालेल."

बीबीनं बाह्या वर सारल्या. इफ्रा "नको, नको, मी करते" म्हणत पुढे आली तर तिनं तिला हातानं थोपवलं. "कुत्रा माझा, पातेलंही मीच घासणार. तू फक्त मोज. मला चुकवू देऊ नकोस." आणि ट्रेनित बकलंड, जिच्यासमोर आमची सगळी वस्ती उठून उभी राहते, ती अंगणातल्या नळाखाली गुडघ्यावर बसली. पहिल्यांदा तिनं मूठभर माती घेऊन पातेलं आतून असं घासलं की त्याचा आवाज शेजारी गेला. मग पाण्यानं एकदा, दोनदा, तीनदा. मध्येच म्हणाली, "चार झाले ना?"

"माती धरून चार," इफ्रा म्हणाली. "अजून तीन."

"मुकादम आहेस अगदी!" पण तिनं आणखी तीनदा धुतलं. मग पातेलं उन्हात पालथं घातलं, हात टबात, नेमक्या हातांच्याच टबात, धुतले आणि आत येऊन बसली.

"कळलं," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे तुमचंही आहे. प्रत्येकाचं. फक्त रेघ वेगळ्या जागी."

मला डॉ. पास्कोंची आठवण झाली आणि फिस्सकन हसू आलं. त्यांचा सगळा तास बीबीनं एका वाक्यात गुंडाळला होता.

"हसतेस काय? चहा ओत."

"बीबी, दूध नाही. जग फुटला. बाटलीतलं दूध मी त्यातच ओतलं होतं."

"मग काळा ओत."

बीबी आणि काळा चहा! तिच्या चहात चमचा उभा राहील इतकी साखर आणि तो फिकट होईल इतकं दूध लागतं. हदासा म्हणाली, "मी दुपारी कोंबडी खाल्लीय. दुधाचा चहा मला तसाही चालला नसता. म्हणजे आता आपण सगळ्या एकच चहा पिऊ शकतो."

मी ओतला. हदासाच्या पेल्यात. इफ्राच्या कपात. माझ्या कपात. उरलेले दोन सोनेरी कप मी रिकामेच ठेवले आणि बीबीच्या कपाकडे हात नेला. घरून आणलेल्या.

"तो नको," बीबी म्हणाली. तिनं एक रिकामा सोनेरी कप पुढे सरकवला. "यात."

मी ओतला. तिनं साखर घातली, ढवळली, कप उचलला. ती प्याली. तोंड असं वाकडं केलं की चेहराभर सुरकुत्या पडल्या.

"भयंकर आहे!" ती म्हणाली, आणि दुसरा घोट घेतला. मग तिसरा. सगळा कप संपवला, तळाच्या साखरेसकट. "आणखी दे."

मी रडत होते आणि हसत होते, आणि इफ्रानं मला धरलं होतं. हदासानं दोघींना धरलं. बीबी म्हणाली, "अरे, चहाच मागतेय मी!"

निघताना तिनं बिस्मार्कला तुटलेल्या पट्ट्याऐवजी दोरीनं बांधलं आणि व्हॅनमध्ये चढली. मी सामान बांधलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नाही. वरच्या खिडकीत वझीर बसून पाहत होता. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं. "तू! तू उंबऱ्याच्या पलीकडेच राहा." आणि इफ्राला म्हणाली, "त्याला उपाशी ठेवू नकोस मात्र. दिसतो तितका वाईट नाही तो."

मी आत आले तर टेबलावर तिचं फडकं आणि त्यावर तिचा कप होता. मी पळत बाहेर गेले. "बीबी, कप विसरलीस!"

तिनं काच खाली केली, माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "विसरले नाही. तुझ्या खणात ठेव, भांड्यांच्या. पुढच्या रविवारी दूध आणून ठेव, आणि तो इथेच राहू दे. दर वेळी गुंडाळून कोण आणणार?"

व्हॅन वळली. मी कप उचलला, आधी हात धुतले, आणि तो खणात ठेवला, माझ्या धुऊन ठेवलेल्या तीन सोनेरी कपांशेजारी, हदासाच्या निळ्या चिकटीपासून चार बोटं दूर. चौथा अजून टेबलावर होता, त्यात बीबीच्या चहाचा तळ होता. तो मी संध्याकाळपर्यंत धुतला नाही.